‘सर्व बाबतींत पूर्ण’ अर्ज

काही महिन्यांपूर्वी आमच्या कॉलेजाच्या वाङ्मयमंडळात एका विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली कथा वाचून दाखविली. कारखान्यातील एका कामगाराचा कामावरचा शेवटचा दिवस हा तिचा विषय. भोंगा होतो, यंत्रे थांबतात, गळ्यात हार पडतो, साहेब दोन शब्द बोलतात, आणि खांद्यावर शाल घेतलेला कामगार फाटकाबाहेर पडून एकदा मागे वळून पाहतो. डोळे भरून येतात आणि कथा संपते. सभेस पाहुणे म्हणून आलेल्या एका रसिक गृहस्थांनी या शेवटाची फार वाखाणणी केली. कथा जेथे संपावयास हवी नेमकी तेथेच ती संपली आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. अध्यक्ष या नात्याने आम्हांस दोन शब्द बोलावयाचे होते. कथा जेथे सुरू व्हावयास हवी तेथे ती संपली आहे, एवढेच आम्ही म्हणालो. गृहस्थांस ते रुचले नाही. चहाच्या वेळी ते आम्हांस म्हणाले, “पुढे राहिले काय? पेन्शन सुरू होणे! तो कचेरीचा विषय आहे, कथेचा नव्हे. आणि त्यात उशीर झालाच, तर एखाद्या आळशी कारकुनाने कागद दाबून ठेवला असेल, दुसरे काय?”

या दोन वाक्यांचे उत्तर चहाच्या पेल्याबरोबर देता येण्याजोगे नव्हते, म्हणून ते येथे देत आहोत. कारखान्यातून सुटलेला कामगार आणि त्याच्या खात्यात पडणारी निवृत्तिवेतनाची पहिली रक्कम यांमधला काळ आम्ही अगदी जवळून पाहिला आहे. त्या काळात कोणीही कागद दाबून ठेवला नव्हता. कोणीही लाच मागितली नव्हती. आमची सारी तक्रार हीच आहे.

आमच्या घराला लागून ज्यांचे घर आहे त्यांस सगळी गल्ली नाना म्हणते. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत ते मोल्डर होते. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यांत ओतावयाचे, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्या कामाचे मर्म लोखंडात नसून वाळूत आहे, हे आम्हांस नानांनी शिकविले. वाळूत बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळतात. पाणी किंचित कमी पडले तर साचा ढासळतो. किंचित अधिक झाले तर तापलेल्या रसाखाली त्याची वाफ होऊन ओतकामात पोकळ्या राहतात. प्रयोगशाळेत हे मोजण्याचे यंत्र आहे. नाना मूठभर वाळू घेऊन आवळीत, मूठ उघडीत आणि तो गोळा मधोमध मोडीत. मोडलेल्या कडा जर धारदार राहिल्या आणि तळव्याला वाळू चिकटली नाही, तर ‘ओता’ म्हणत. सत्तावीस वर्षे त्यांच्या मुठीवर त्या कारखान्याचे ओतकाम चालले.

१९९८ च्या १ जूनला ते तेथे लागले. त्यापूर्वी दहा-बारा वर्षे त्यांनी निरनिराळ्या वर्कशॉपांत काम केले होते. परंतु त्यांची कोठेच नोंद नाही, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने ती वर्षे नाना जगलेच नाहीत. त्यांची जन्मतारीख १ जून १९६७. (त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे; शाळामास्तरांची ती कृपा.) कारखान्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचा करार होता. त्याप्रमाणे ३१ मे २०२५, शनिवार, हा त्यांचा शेवटचा दिवस ठरला.

त्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेस गेले, पण साच्याला हात लावण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. सारा पूर्वार्ध सह्या गोळा करण्यात गेला. ‘देणे नाही’ अशा मजकुराचा एक छापील कागद त्यांच्या हाती देण्यात आला होता. तो घेऊन ते भांडारात गेले. तेथे हेल्मेट आणि बूट परत केले. उपाहारगृहात उरलेली कुपने दिली. कामगारांच्या पतसंस्थेत कर्जाची बाकी पाहिली. फाटकावर ओळखपत्र काढून दिले. कपाटाची किल्ली देताना मात्र ती कोणाच्या हाती द्यावयाची याबद्दल वाद पडला, कारण त्या कपाटाची नोंदच भांडाराच्या वहीत नव्हती. नाना हे सांगताना हसत होते. आपल्याकडे कारखान्याचे काही राहिले नाही, हे सिद्ध करण्यासाठी सात सह्या लागल्या, आणि त्या दुपारपर्यंत मिळाल्याही. तीन वाजता समारंभ झाला. शाल, नारळ, गणपतीची लहानशी मूर्ती, आणि व्यवस्थापकांचे भाषण. नानांसारखी माणसे कारखान्याचा कणा आहेत, असे त्यांनी सांगितले.

कारखान्याकडे नानांचे काय राहिले आहे, हे मात्र त्या दिवशी कोणीच सांगितले नाही. निवृत्तिवेतनाचा जो अर्ज करावा लागतो, त्यास दहा-डी नमुना म्हणतात. निघताना नानांनी कचेरीत डोकावून त्याची चौकशी केली. कारकून तरुण आणि सभ्य होता. तो म्हणाला, “नाना, आज कशाला? मेची वर्गणी अजून भरायची आहे. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत भरतो. मग तुमची सोडल्याची तारीख चढवू. मग या.” यात एक शब्दही खोटा नव्हता. वर्गणी पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावयाची, असाच नियम आहे. कामगाराला सोडल्याची तारीख स्वतः चढविण्याचीही मुभा आहे; परंतु ती शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर! नाना दोन महिने थांबले नाहीत. ते कारकुनाची वाट पाहत राहिले. वर्गणी १४ जूनला भरली गेली. मग हिशेबतपासणीस आले, मग कारकुनाच्या घरी लग्न निघाले. अखेर २ जुलै रोजी अर्ज भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत दाखल झाला. बत्तीस दिवस गेले होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या १६ नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या कामगार निवृत्तिवेतन योजनेत या बाबतीत एक कलम आहे, आणि ते वाचून कोणाही कायदाप्रेमी मनुष्याचे अंतःकरण प्रसन्न व्हावे. अर्ज आल्यापासून वीस दिवसांच्या आत त्याचा निकाल लावून रक्कम दिली पाहिजे. काही उणीव असेल, तर तीही वीस दिवसांच्या आत अर्जदारास लेखी कळविली पाहिजे. योग्य कारणावाचून उशीर झाला तर शेकडा बारा दराने दंडव्याज द्यावे लागेल, आणि ते खुद्द आयुक्तांच्या पगारातूनही कापता येईल! कोणाही अधिकाऱ्याच्या खिशात असा थेट हात घालणारी कलमे आमच्या कायद्यांत फार नाहीत. चार हजार रुपयांवर महिन्याचे हे व्याज चाळीस रुपये होते, हे खरे. परंतु तत्त्व तर थोरच.

मात्र त्याच कलमात तीन-चार शब्द असे बसविले आहेत की त्यांनी सारे थोर तत्त्व पोकळ करून टाकावे. वीस दिवस मोजावयाचे ते केवळ ‘सर्व बाबतींत पूर्ण’ अशा अर्जाचे. अर्ज पूर्ण होईपर्यंत कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. आणि तो पूर्ण आहे की नाही हे ठरवावयाचे त्याच कचेरीने. नानांच्या फौंड्रीची उपमा द्यावयाची तर असे म्हणता येईल की ओतकाम वीस मिनिटांत करू अशी हमी दिली आहे, पण साचा नीट झाल्यावर. आणि साचा नीट करण्यास किती वेळ लागेल ते विचारावयाचे नाही.

१८ जुलैला, म्हणजे सोळाव्या दिवशी, अर्ज परत आला. कायद्याच्या दृष्टीने कचेरी चार दिवस आधीच मोकळी झाली होती. उणीव कोणती? पत्नीचे नाव जुळत नव्हते. १९९८ साली नानांनी वारसाची नोंद केली तेव्हा पत्नीचे नाव लिहिले ते सासरचे, म्हणजे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून ठेवलेले. गल्ली त्यांस त्याच नावाने ओळखते. परंतु त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव होते, आणि पुढे आधारपत्र काढावयाची वेळ आली तेव्हा तोच दाखला दाखविल्यामुळे तेथे माहेरचे नाव चढले. घरात एक बाई आणि कागदावर दोन! तांदळावर नाव लिहिताना कोणास सुचले असेल, की ही अंगठी अडतीस वर्षांनी निवृत्तिवेतनाच्या अर्जात जाऊन अडेल?

आमच्या रसिक मित्रांस या ठिकाणी कारकुनाचा राग आला असता. आम्हांस आला नाही. ही शंका क्षुल्लक नाही. नानांच्या पश्चात त्यांच्या पत्नीस निवृत्तिवेतन मिळावयाचे ते याच नोंदीवरून. नाव चुकीचे राहून गेले तर पतीच्या मृत्यूनंतर तीच दोन नावे घेऊन त्या बाईस एकटीने कचेरीची पायरी चढावी लागेल. तेव्हा ज्या कारकुनाने ती विसंगती पकडली त्याने आपले काम नीट केले. आमचा प्रश्न निराळाच आहे. ही विसंगती १८ जुलै २०२५ रोजी जन्मास आली काय? वारसाची नोंद सत्तावीस वर्षे त्याच दप्तरात पडून होती. त्या सत्तावीस वर्षांत दरमहा न चुकता नानांच्या नावे वर्गणी येत होती. वेतनाच्या कायदेशीर मर्यादेप्रमाणे ती आरंभी ४१७ रुपये होती, २००१ च्या जूनपासून ५४१ झाली, आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून १,२५०. हे पैसे घेताना एकदाही कोणास वाटले नाही, की ज्या बाईसाठी हा मनुष्य पैसे साठवितो आहे तिचे नाव तरी एकदा विचारून घ्यावे. घेताना नाव लागत नाही, देताना लागते. आणि देण्याची वेळ कोणती? तर ज्या महिन्यापासून त्याचा पगार बंद झाला तीच.

दुरुस्तीस चोवीस दिवस लागले. त्यात तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र झाले, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याबद्दल. मग कुटुंबाच्या नोंदीत बदल करण्याचा अर्ज, त्यावर कारखान्याची साक्ष, आणि त्यासाठी नानांची पुन्हा त्याच फाटकावर फेरी. त्यांचे ओळखपत्र काढून घेतले असल्यामुळे पहारेकऱ्याने त्यांस वहीत नाव लिहावयास लावले. ‘कोणाकडे काम आहे’ या रकान्यात काय लिहावे हे त्यांस सुचेना. हे आम्हांस त्यांनी सांगितले तेव्हा ते हसले नाहीत.

११ ऑगस्टला अर्ज पुन्हा दाखल झाला. २९ ऑगस्टला, म्हणजे अठराव्या दिवशी, निवृत्तिवेतनाची आज्ञा निघाली. पुन्हा कायद्याची मर्यादा पाळली गेली! परंतु ऑगस्टची वाटपयादी तोपर्यंत तयार झालेली होती; म्हणून नानांचे नाव सप्टेंबरच्या यादीत गेले, आणि त्या यादीचे पैसे महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी खात्यात पडावयाचे. तो दिवस ३० सप्टेंबर.

वाचकांनी आता बेरीज करावी. कारखान्यात बत्तीस दिवस, कचेरीत सोळा, दुरुस्तीत चोवीस, पुन्हा कचेरीत अठरा, आणि वाटपाच्या यादीसाठी बत्तीस. एकंदर एकशे बावीस. यांपैकी कायद्याने ज्यांची मोजदाद ठेवली ते दिवस केवळ चौतीस. आणि त्यांतही नियमभंग शून्य. उरलेले अठ्ठ्याऐंशी दिवस कायद्याच्या कोणत्याच घड्याळात नाहीत. ते केवळ नानांच्या घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहेत, जेथे वहिनी रोज एक चौकट खोडीत असत. आळशी कारकून सापडला असता तर आम्हांस बरे वाटले असते. त्याची बदली करता येते. येथे सर्वांनी आपापले काम वेळेत केले, आणि सर्वांनी मिळून एका मनुष्यास चार महिने ताटकळत ठेवले.

येथे पूर्वपक्षाकडून असे येईल, की कामगार काही उपाशी नव्हता. निवृत्त होताना त्यास लाखांनी रुपये मिळतात. होय, मिळतात. नानांची ग्रॅच्युइटी २,८३,५०० रुपये झाली, आणि ती वेळेवर मिळाली. मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून १८,२०० रुपये, त्यास सव्वीसने भागून पंधरा दिवसांचे वेतन काढावयाचे आणि सत्तावीस वर्षांनी गुणावयाचे. हिशेब कोणीही पडताळून पाहावा. त्यातील मोठा भाग घर बांधताना काढलेल्या कर्जात गेला. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम जुलैत आली, ती त्यांनी वहिनींच्या नावे मुदतठेवीत टाकली. ती मोडावयास ते तयार नव्हते. “ती आजारपणाची आहे,” असे ते म्हणत. घरखर्च मुलाच्या कंत्राटी पगारावर आणि वाण्याच्या वहीवर चालला. तेव्हा उपासमार झाली असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे म्हणून वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणण्याची आमची इच्छाही नाही. जे झाले ते निराळे होते. ऑगस्टच्या एका संध्याकाळी, पाऊस पडत असता, नाना आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि बराच वेळाने म्हणाले, “सर, आपली वर्षं त्यांच्याकडे लिहिलेलीच नसली तर?” वर्कशॉपांतली दहा-बारा वर्षे एकदा अशीच पुसली गेली होती. जो मनुष्य मुठीत वाळू आवळून ओतकामाचा भरवसा देई, त्यास स्वतःच्या सत्तावीस वर्षांचा भरवसा उरला नव्हता. आणि वहिनींच्या मनात काय होते ते त्या बोलल्या नाहीत. परंतु या चार महिन्यांत नानांचे काही बरेवाईट झाले असते, तर दोन नावांची ती गाठ सोडविणारा कोण उरला असता, हे त्यांस नक्की ठाऊक होते. पहिल्या रकमेची वाट ते दोघे पाहत होते ती केवळ पैशासाठी नव्हे.

आणि रक्कम तरी किती? वेतन कितीही असो, २०१४ च्या ऑगस्टअखेरपर्यंतच्या सव्वासोळा वर्षांचा हिशेब ६,५०० रुपयांवर आणि पुढील पावणेअकरा वर्षांचा १५,००० रुपयांवर करावयाचा. त्यास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे. पहिल्या भागाचे सुमारे १,५०९ रुपये होतात, दुसऱ्याचे २,३०४. वीस वर्षांहून अधिक सेवा झाल्याबद्दल दोन वर्षे वाढवून मिळतात, तीही धरली तर मासिक रक्कम चार ते सव्वाचार हजारांच्या दरम्यान जाते. महागाई वाढली म्हणून ती वाढत नाही. कामावर असता २६,००० रुपये घरी आणणाऱ्या मनुष्याने या रकमेसाठी एकशे बावीस दिवस जीव टांगणीला लावावा, आणि त्यास आम्ही ‘कचेरीचा विषय’ म्हणावे!

आता साहित्याकडे वळू. कारण आमच्या मित्रांचा मूळ आक्षेप तेथला होता. इंग्रजी वाङ्मयात चार्ल्स लॅम्ब याचा निवृत्तीवरचा निबंध प्रसिद्ध आहे. आम्ही तो कित्येक वर्षे शिकवीत आलो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत तेहतीस वर्षे हिशेब लिहून लॅम्ब १८२५ साली निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी त्याने तो निबंध लिहिला. एकाएकी मिळालेला मोकळा वेळ, त्याने येणारी भांबावलेली अवस्था, रविवार आणि सोमवार यांतला नाहीसा झालेला भेद, यांचे त्यात इतके नाजूक वर्णन आहे की निवृत्ती म्हणजे मनाची एक अवस्थाच होय असे वाटावे. वर्षानुवर्षे आम्ही विद्यार्थ्यांस तेच सांगितले. निबंधातील नायकास मालकांनी खोलीत बोलावून निवृत्तीची वार्ता दिली, तेव्हाच पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम तहहयात मिळेल हेही सांगितले. खुद्द लॅम्बलाही कंपनीने सुमारे तितकेच दिले. म्हणजे त्याच्या निबंधातला तो सारा रिकामा वेळ आधीच विकत घेतलेला होता. (कोणाच्या पैशाने, हे कंपनीचे नाव वाचल्यावर मराठी वाचकास सांगावयास नको.) ज्याचे निवृत्तिवेतन शेवटच्या दिवशी ठरले त्याने मनाच्या अवस्थांवर लिहावे, त्यास ते शोभते. परंतु आमच्या तरुण लेखकांनी ती तऱ्हा उचलावी, आणि ज्याचे काहीच ठरलेले नाही अशा मोल्डरला फाटकाबाहेर काढून त्याच्या डोळ्यांत तेच सुसंस्कृत पाणी आणावे, हा वाङ्मयीन अप्रामाणिकपणा आहे. त्या विद्यार्थ्यास आम्ही दोष देत नाही. त्यास आम्हीच तसे शिकविले.

आणखी एक कबुली देणे भाग आहे. आमची स्वतःची निवृत्ती आता काही वर्षांवर आली आहे. अनुदानित महाविद्यालयातील जुन्या नेमणुकीचे शिक्षक असल्यामुळे आम्हांस शासकीय नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन मिळावयाचे आहे. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांनुसार निवृत्तिवेतनाचे कागद तयार करण्याचे काम कचेरीनेच निवृत्तीच्या पुष्कळ आधी हाती घ्यावयाचे असते. सेवापुस्तकातील नोंदी तपासावयाच्या, उणिवा भरून काढावयाच्या. आणि इतके करूनही अंतिम रक्कम ठरण्यास उशीर होत असेल तर तोवर तात्पुरते निवृत्तिवेतन द्यावयाचे, अशी तरतूद त्याच नियमांत आहे. ही तरतूद कोणी आणि का केली? शासनातील कारकुनास ठाऊक होते की कागद कधीच सर्व बाबतींत पूर्ण नसतात, आणि शेवटी तो स्वतःही निवृत्त व्हावयाचा होता. नियम करणाऱ्याने स्वतःसाठी तात्पुरत्या रकमेची सोय ठेवली. मोल्डरसाठी ‘सर्व बाबतींत पूर्ण’ ही अट ठेवली.

यावर असे उत्तर मिळते, की सुधारणा चालू आहेत. आहेतच, आणि त्या आम्ही नाकारीत नाही. २०२५ च्या जानेवारीपासून सर्व देशभर एकच वाटपव्यवस्था झाली. आता निवृत्तिवेतन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी गेल्यास आज्ञापत्र हलवावे लागत नाही. ही मोठीच सोय झाली. परंतु ती आज्ञापत्र हाती पडल्यानंतरची. पैसा धावू लागला; कागद पूर्वीसारखाच रांगतो आहे. ‘प्रयास’ नावाचा एक उपक्रमही त्याच निधीने चालविला आहे. कारखान्याने निवृत्त होणाऱ्या कामगाराचे कागद आणि शेवटच्या महिन्याची वर्गणी आधीच पाठवावी, आणि निवृत्तीच्याच दिवशी आज्ञापत्र त्याच्या हाती द्यावे, अशी त्यात योजना आहे. म्हणजे शेवटच्या दिवशी हे होऊ शकते, हे कचेरीसच मान्य आहे. मग ते कारखान्याच्या मर्जीवर का ठेवले? नानांच्या कारखान्याने शालीसाठी आठ दिवस आधी माणूस पाठविला होता. अर्जासाठी पाठविला नाही, कारण त्याबद्दल त्यास कोणी विचारणारे नव्हते. शाल नसती तर गावात नाचक्की झाली असती.

आमची मागणी अगदी छोटी आहे, आणि तीस पैसाही लागत नाही. घड्याळ अर्जापासून सुरू न होता कामाच्या शेवटच्या दिवसापासून सुरू झाले पाहिजे. त्या दिवसापासून वीस दिवस. त्या वीस दिवसांत जी उणीव सापडेल ती भरून काढीपर्यंत, दप्तरातील वर्गणीवरून जी रक्कम निघते ती तात्पुरती द्यावी. कामगाराची जन्मतारीख, सेवेचा काळ, वर्गणी, सारे त्या दप्तरातच आहे. त्यास अर्जदार बनवून त्याच्याकडून तेच पुन्हा मागण्यात अर्थ काय? आक्षेपक म्हणतील, चुकीच्या माणसास पैसे गेले तर? सत्तावीस वर्षे चुकीच्या माणसाकडून पैसे घेतले नव्हते ना, एवढीच खात्री त्यांनी आम्हांस द्यावी.

असो. ३० सप्टेंबरला दुपारी आम्ही कॉलेजातून परत येत होतो, तेव्हा नाना गल्लीच्या तोंडाशी उभे होते. फोनवरचा संदेश त्यांनी आमच्यापुढे धरला. चष्म्याशिवाय आम्हांस तो वाचता येईना, म्हणून त्यांनीच आकडा सांगितला. जून ते सप्टेंबर अशा चार महिन्यांचे मिळून सोळा हजारांच्या आसपास जमा झाले होते. आम्ही अभिनंदन केले. त्यांनी ते ऐकले न ऐकलेसे केले आणि विचारले, “सर, हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो म्हणे?” द्यावा लागतो, आम्ही म्हणालो, यंत्रावर अंगठा ठेवला की झाले. त्यांनी उजवा हात उलटा केला. वाळूने तळवा आणि बोटे अशी गुळगुळीत झाली होती की रेषा म्हणून शोधावी लागे. बँकेतल्या यंत्राने त्या सकाळी तो अंगठा तीन वेळा नाकारला होता. आता चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, असे आम्ही सांगितले. ते कोठे, केव्हा, आणि त्यासाठी बरोबर कोणते कागद न्यावे लागतील, हे त्यांनी आमच्याकडून कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतले, आणि वहिनींस दाखवावयास घरात गेले.